कुंपणाच्या खिळ्यापासून: बेंजीच्या मनामागे कसे जावे

प्रिय वाचनमित्रास,

विल्यम फॉकनरची ‘द साउंड अँड द फ्युरी’ पहिल्या काही पानांनंतर बंद करून ठेवल्याचे तुझ्या पत्रातून कळले. ‘हा माणूस कुठे आहे, कधी आहे, कोणाशी बोलतो आहे, काहीच लागत नाही’, असे तू लिहिले आहेस. संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे मनात विचार जसे येतात तसेच मांडण्याच्या, पद्धतीने लिहिलेल्या कादंबऱ्यांत हा पहिला भाग अवघड मानला जातो, आणि तसा तो आहेही. पण त्यातील विचार विस्कळीत आहेत हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. हा भाग सांगणाऱ्या बेंजीचे मन एका क्षणातून दुसऱ्या क्षणात जाते ते नेहमी कशाला तरी धरून जाते, आणि ते धरण्याचे ठिकाण बहुतेक वेळा पानावरच लिहिलेले असते. ते कसे शोधावे एवढेच या पत्रात सांगतो.

आधी कथेची चौकट सांगतो, कारण तेवढी आधी माहीत असल्याने वाचनाचा आनंद कमी होत नाही. 1929 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तारीख आहे. पहिला भाग 7 एप्रिल 1928 चा. तो बेंजी सांगतो. मिसिसिपीतील एका उतरणीला लागलेल्या कॉम्प्सन घराण्यातला हा धाकटा मुलगा त्या दिवशी तेहतीस वर्षांचा झाला आहे, पण त्याला बोलता येत नाही आणि काळाची जाणीव नाही. तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग त्याला आठवतो असे म्हणणेसुद्धा चुकीचे ठरेल. तो प्रसंग त्याच्यापुरता आत्ताच घडत असतो, आणि म्हणून ‘तेव्हा’, ‘त्यानंतर’, ‘मला आठवले’ असे दुवे तो कधीच देत नाही. ते तू त्याच्याकडून मागतोयस, आणि अडचण तिथे आहे.

कारणे देणेही त्याला जमत नाही. पहिल्याच ओळींत कुंपणापलीकडची माणसे काहीतरी मारत आहेत, निशाण काढत आहेत, पुढे जात आहेत, असे तो सांगतो. ती काय मारतात हे तो सांगत नाही. हा गोल्फचा खेळ आहे हे आपण ओळखायचे. ती जमीन एके काळी कॉम्प्सनांचे कुरण होती आणि थोरल्या भावाच्या शिक्षणासाठी व बहिणीच्या लग्नासाठी विकली गेली, हे तर पुढे पुष्कळ उशिरा उलगडते. मग खेळाडूंपैकी एक जण आपल्या मदतनीस पोराला ‘कॅडी’ अशी हाक मारतो आणि कुंपण धरून उभा असलेला बेंजी आक्रोश करू लागतो, कारण त्याच्या बहिणीचे नावही तेच आहे आणि ती कित्येक वर्षांपूर्वी घरातून गेलेली आहे. आपण रडत आहोत हे तो पुष्कळदा सांगत नाही. ते आपल्याला दुसऱ्यांच्या ‘गप्प बस’ वरून कळते. या भागातील संवाद म्हणूनच फार काळजीपूर्वक वाचावेत. बेंजी जे वगळतो ते इतरांच्या तोंडून पुरे होते.

आता तू जिथे थांबलास त्या जागेकडे येऊ. बेंजीला सांभाळणारा लस्टर हा पोरगा हरवलेले नाणे शोधतो आहे. दोघे कुंपणाच्या मोडक्या जागेतून पलीकडे जाऊ लागतात आणि बेंजीचे कपडे खिळ्याला अडकतात. ‘पुन्हा त्याच खिळ्याला अडकलास’, असे लस्टर वैतागून म्हणतो. पुढचे वाक्य तिरप्या अक्षरांत आहे: कॅडी त्याला सोडवते आणि दोघे सरपटत पलीकडे जातात. लस्टर नाहीसा झाला, बहीण आली. जोडणारी गोष्ट आहे तो खिळा, आणि लस्टरच्या तोंडचे ‘पुन्हा’ आपल्याला आधीच सांगून ठेवते की हे पूर्वीही घडलेले आहे. अंगाला झालेला तोच स्पर्श बेंजीला त्या आधीच्या वेळेत घेऊन गेला.

कोणती वेळ? ती बेंजी सांगणार नाही, म्हणून वस्तूंकडे पाहा. वाळलेली फुलझाडे अंगाला घासून खडखडतात. जमीन कडक आहे. हात खिशात ठेव, नाहीतर गारठतील, असे कॅडी त्याला सांगते आणि नाताळचा उल्लेख करते. एप्रिलमधून आपण एका जुन्या डिसेंबरात आलो आहोत, मामाची एक गुप्त चिठ्ठी पोचवायला निघालेल्या दोन मुलांबरोबर. हे समजले की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि नेमक्या पुढच्याच ओळीत अडखळतो.

कारण तिथे अक्षरे पुन्हा सरळ होतात आणि बाहेर फार थंडी आहे असे कोणीतरी म्हणते. तिरपी अक्षरे म्हणजे भूतकाळ आणि सरळ म्हणजे वर्तमान असा नियम तू मनाशी केला असशील, तर इथे तो मोडतो. बोलणारा व्हर्श आहे, बेंजीला लहानपणी सांभाळणारा, लस्टर नव्हे. आपण वर्तमानात परतलेलो नाही, तर त्याच डिसेंबरच्या दिवसात थोडे मागे सरकलो आहोत, कॅडी शाळेतून येण्याआधीच्या वेळेत, जेव्हा बेंजीला फाटकापाशी तिची वाट पाहायला जायचे होते. तिरपी अक्षरे एवढेच सांगतात की इथे उडी आहे. उडी कुठे पोचली हे ती सांगत नाहीत, आणि परत येण्याची खूण तर अनेकदा देतच नाहीत. (मुद्रिते तपासताना संपादकाने ही तिरपी अक्षरे काढून त्याजागी मोकळ्या ओळी सोडल्या होत्या, तेव्हा फॉकनरने ते मान्य केले नाही. मोकळ्या ओळीने एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाल्याचा भास होतो, आणि बेंजीच्या बाबतीत काहीच संपत नसते. मला फॉकनरचा आग्रह योग्य वाटतो.)

मग वेळ ओळखायची कशी? सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्या क्षणी बेंजीला कोण सांभाळते आहे ती. व्हर्श सांभाळत असेल तर बेंजी लहान आहे. टी. पी. असेल तर तो वाढत्या वयाचा आहे, आणि कॅडीच्या लग्नाचे प्रसंग याच काळात येतात. लस्टर असेल तर 1928 चालू आहे. मात्र नुसते नाव दिसले म्हणून निष्कर्ष काढू नकोस. आजीच्या मृत्यूच्या रात्री, म्हणजे 1898 साली, टी. पी. सुद्धा तिथे असतो, पण तो स्वतःच लहान पोर आहे. बेंजीला उचलणारा, नेणारा, गप्प करणारा कोण, हे पाहायचे. दुसरी खूण नावांची. बेंजीचे पाळण्यातले नाव मामाच्या नावावरून मॉरी असे ठेवलेले होते आणि 1900 साली ते बदलले, म्हणून त्याला कोणी मॉरी म्हणत असेल तर आपण त्या आधीच्या काळात आहोत. क्वेंटिन हे नाव दोघांचे आहे, थोरल्या भावाचे आणि कॅडीच्या मुलीचे. नावाच्या पुढेमागे ‘ती’ आहे की ‘तो’, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे सगळे समासात पेन्सिलीने टिपत वाचावे असे मी सुचवेन, पण तारखा टिपू नकोस. प्रत्येक उडीपाशी फक्त दोन गोष्टी लिही: कशाला धरून मन गेले, आणि आता सोबत कोण आहे. तारखांचा तक्ता करण्याचा मोह पुष्कळांना होतो. 2012 साली वेगवेगळ्या काळांसाठी चौदा रंगांच्या शाईत छापलेली आवृत्तीही निघाली, कारण रंगीत शाईची कल्पना मुळात फॉकनरचीच होती. ती आवृत्ती दुसऱ्या वाचनाला जरूर पाहावी. पहिल्या वाचनात मात्र रंग काळाचे उत्तर देतात आणि सांधा शोधायचे आपले काम संपवतात, आणि या भागाचा अर्थ त्या सांध्यांत आहे.

झोपाळ्याचा प्रसंग घे. 1928 मध्ये बेंजी झोपाळ्याकडे जातो, तिथे दोन माणसे बसलेली आहेत, आणि एकाएकी अंधारातून कॅडी धावत येते. सांधा उघड आहे: तोच झोपाळा, त्यावर तसेच दोघे. जुन्या वेळी कॅडी चार्ली नावाच्या तरुणाबरोबर असते. बेंजी रडू लागतो तेव्हा ती त्या तरुणाला सोडून त्याला घरात घेऊन जाते, साबणाने तोंड धुते, आणि तिला पुन्हा झाडांसारखा वास येऊ लागतो. तिथून आपण 1928 मध्ये परत येतो. झोपाळ्यावर आता तिची मुलगी क्वेंटिन लाल टाय लावलेल्या माणसाबरोबर आहे, आणि ती बेंजीवर व लस्टरवर संतापते. बेंजी दोघींची तुलना करत नाही, कारण तुलना करायला लागणारे दोन काळ त्याच्यापाशी नाहीत. तुलना आपण करतो, आणि ती करता येते केवळ हे दोन प्रसंग एकमेकांना चिकटवून ठेवले आहेत म्हणून. हेच दोन प्रसंग काळाच्या क्रमाने, मधे अनेक पाने ठेवून सांगितले असते तर बहिणीची माया आणि भाचीचा तिटकारा इतक्या जवळून दिसला नसता. बेंजीने काय गमावले, ते तो एका शब्दानेही न सांगता इथे कळते.

दुसऱ्या भागात पोचशील तेव्हा ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. तिथे 2 जून 1910 हा दिवस आहे आणि मन थोरल्या क्वेंटिनचे आहे. तो हार्वर्डचा विद्यार्थी आहे, त्याला काळाची जाणीव नको तितकी आहे, आणि सकाळीच तो आपल्या घड्याळाचे काटे काढून टाकतो. बेंजीला खिळा लागतो, झोपाळा लागतो. क्वेंटिनला एखादा शब्द पुरतो, विशेषतः ‘बहीण’ हा शब्द. त्याच्या भागात पुढे एक लांब मजकूर विरामचिन्हांशिवाय येतो. त्यात तो कॅडीच्या प्रियकराला पुलावर गाठतो आणि ‘तुला कधी बहीण होती का’, असे विचारून त्याच्यावर हात उचलतो. तो मजकूर संपल्यावर क्वेंटिनच्या चेहऱ्यावर रक्त असते आणि मित्र त्याला सांगत असतात की तू आत्ता जेराल्ड ब्लँड या आपल्या सोबत्याला हाच प्रश्न विचारून मारायला धावलास. मन जुन्या पुलावर असताना शरीर 1910 मध्ये मारामारी करत होते, आणि ती मारामारी आपल्याला दिसलीच नाही. तिथे सांधा मजकुराच्या सुरुवातीला शोधत बसू नकोस. तो शेवटी, मित्रांच्या बोलण्यात सापडतो, म्हणून तो मजकूर न थांबता एका दमात वाचून काढ आणि मग मागे ये.

तिसरा भाग बेंजीच्या दुसऱ्या भावाचा, जेसनचा. तो सलग आणि रागाने बोलतो, आणि कुरणाची विक्री, लग्न, पैसे यांविषयी आपल्याला हव्या असलेल्या पुष्कळ गोष्टी त्याच्या तक्रारींतून मिळतात. तो वाचून झाला की चौथ्याकडे जाण्याआधी बेंजीची पहिली दहा पाने पुन्हा काढ, आणि समासातल्या पहिल्या टिपणांपैकी कोणती खोडावी लागली ते मला कळव.

तुझा,
एक जुना वाचक