बाथ टॉवेलची दोन शिखरं एका टेकडीत कशी गडप होतात

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, दोन शेड. तपासणीसाठी ४८० नगांचं एकेक करून वजन घेतलं: २४० नॅपकिन (सरासरी ११२ ग्रॅम, प्रमाण विचलन ३) आणि २४० बाथ टॉवेल (सरासरी ४६४, प्रमाण विचलन १३.४). काटा २ ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो. सगळे आकडे सीबॉर्नच्या `kdeplot` ला दिले, दोन छान गोल टेकड्या आल्या. पॅकिंगच्या बायका मात्र म्हणतात की बाथ टॉवेलमध्ये हलका आणि भारी असा दोन तऱ्हेचा माल येतोय. आलेखात तर एकच टेकडी आहे. खरं कुणाचं? `bw_adjust` किती ठेवू?

उत्तर:

अण्णा, पॅकिंगच्या बायकांना एवढ्यात खोटं पाडू नका. त्या म्हणतात तसं असलं तरी तुमच्या या आलेखात ते दिसलंच नसतं. का, ते आकड्यांनीच पाहू.

डेन्सिटी प्लॉट काढताना प्रत्येक वजनाच्या जागी एक छोटी घंटाकृती टेकडी ठेवली जाते आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे तुम्हाला दिसणारी रेषा. या छोट्या टेकडीची रुंदी म्हणजेच बँडविड्थ. तिला `h` म्हणू. ती ग्रॅममध्येच असते, आणि पहिली गडबड इथंच होते: बहुतेक जण `bw_adjust=1` एवढंच बघतात, पण त्या १ चे ग्रॅम किती झाले ते कुणी बघत नाही.

सीबॉर्न आतून सायपायचं `gaussian_kde` वापरतं आणि त्याचा न सांगता लागू होणारा नियम स्कॉटचा आहे:

```
h = s * n**(-1/5)
```

इथं `s` हे सगळ्या आकड्यांचं मिळून प्रमाण विचलन. तुमच्याकडं अर्धे नग ११२ च्या आसपास आणि अर्धे ४६४ च्या आसपास, म्हणून `s` येतं साधारण १७६ ग्रॅम. हे १७६ कुठल्याच टॉवेलच्या वजनातल्या चढउताराचं माप नाही. नॅपकिन आणि बाथ टॉवेल यांच्यात जे अंतर आहे तेच त्यात उतरलंय. ४८० चा −१/५ घात ०.२९, म्हणून `h` झाली सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे एकेका टॉवेलच्या वजनावर ५१ ग्रॅम प्रमाण विचलनाची टेकडी बसवली गेली, आणि तुम्ही शोधताय ते फरक वीस-पंचवीस ग्रॅमचे.

आरमध्ये काढला असता तरी फार फरक पडला नसता. तिथल्या `density()` चा नियम `bw.nrd0`, म्हणजे सिल्व्हरमनचा: ०.९ गुणिले प्रमाण विचलन किंवा चतुर्थकांतलं अंतर भागिले १.३४, यातलं जे लहान असेल ते, आणि पुन्हा तोच `n` चा घात. तुमच्या आकड्यांत चतुर्थकांतलं अंतरही नॅपकिनपासून बाथ टॉवेलपर्यंत पसरलेलं आहे, त्यामुळं ती पळवाटही बंद. उत्तर ४६ ग्रॅम. हे दोन्ही नियम एकच शिखर असलेल्या, साधारण प्रसामान्य वितरणासाठी बेतलेले आहेत. एकाहून जास्त शिखरं दूरदूर असली की ते हटकून जास्त गुळगुळीत करतात.

हे तुमच्याच आलेखावरून ताडता येतं. डाव्या टोकाला बघा, रेषा शून्याच्या पलीकडं, उणे ५० ग्रॅमच्या आसपास जाऊन टेकली असेल. सीबॉर्न टोकाच्या आकड्याच्या पुढं तीन बँडविड्थ एवढी रेषा ओढतं. सर्वांत हलका नॅपकिन १०५ चा धरला तर १०५ वजा १५३. उणे वजनाचा नॅपकिन काही कुणी विणत नाही, तेव्हा `h` मालाच्या मानानं अवाढव्य आहे हे तिथंच कळतं. दुसरी खूण नॅपकिनच्या टेकडीची: तिचं खरं प्रमाण विचलन ३ ग्रॅम, आलेखात दिसणारं ५१. दोन्ही टेकड्या जवळपास सारख्याच रुंद दिसत असतील तर ती रुंदी मालाची नसून `h` ची आहे.

आता पॅकिंगवाल्यांचं खरं धरून हिशेब करू. समजा एका शेडचा बाथ टॉवेल सरासरी ४५२ ग्रॅम, दुसऱ्याचा ४७६, नग निम्मे-निम्मे आणि प्रत्येक शेडच्या आतला चढउतार ६ ग्रॅम. एकत्र सरासरी ४६४ येते, आणि एकत्र प्रमाण विचलन ३६ अधिक १४४ याचं वर्गमूळ, म्हणजे १३.४. तुमचे आकडे नेमके हेच आहेत. यावरून दोन गट आहेतच असं सिद्ध होत नाही, पण ते असायला आकड्यांची हरकत नाही एवढं नक्की.

सारख्या उंचीच्या आणि सारख्या रुंदीच्या दोन घंटाकृती टेकड्यांच्या मध्ये दरी दिसायची असेल तर शिखरांमधलं अंतर त्यांच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीपेक्षा जास्त हवं. आणि बँडविड्थ हे प्रमाण विचलन वाढवते: ६ चं होतं ६ चा वर्ग अधिक `h` चा वर्ग याचं वर्गमूळ. हे मांडलं की मर्यादा मिळते:

```
h < sqrt((d/2)**2 - s1**2)
  = sqrt(12**2 - 6**2) = 10.4
```

`d` हे शिखरांमधलं अंतर, `s1` एका गटाच्या आतलं विचलन. म्हणजे १०.४ ग्रॅमच्या वर गेलात की दोन शिखरांचं एक झालं. तुम्ही होता ५१ वर.

शिखरं मिटायच्या आधीही ती खोटं बोलू लागतात. याच उदाहरणात मूळ वितरणातली दरी शिखराच्या उंचीच्या साधारण २७ टक्क्यांवर आहे. `h` ४.५ ग्रॅम ठेवली तर ती ५५ टक्क्यांवर येते, अजून ठळक. `h` ८ केली तर दरी ९१ टक्क्यांवर येते, नजरेला नुसती चपटी टेकडी वाटते, आणि शिखरं सरकून ४५४ आणि ४७४ ला येतात. तेव्हा गुळगुळीत रेषेवरून "फरक २० ग्रॅमचाच आहे" असं मापून मागाची सेटिंग बदलाल तर फसाल. शिखरांची जागा सांगायची असेल तर छोट्या `h` वरची घ्या, किंवा सरळ गटांच्या सरासऱ्या काढा. एका टेकडीच्या आलेखात तर टोक येतं ४६४ च्या आसपास, म्हणजे बरोबर दरीत. या उदाहरणात ४६० ते ४६८ मध्ये २४० पैकी जेमतेम २१ नग असतात, आणि आलेख मात्र सांगतो की बहुतेक माल तिथंच आहे.

पहिलं काम `bw_adjust` ला हात लावायचं नाही. नॅपकिन बाजूला काढा. वेगळ्या जातीचा माल एकाच बँडविड्थनं काढायचा नसतो; नॅपकिनला दीडेक ग्रॅम पुरेल, बाथ टॉवेलला चार-पाच. फक्त बाथ टॉवेल घेतले की `s` १३.४, `n` २४०, आणि तोच स्कॉटचा नियम ४.५ ग्रॅम देतो. नियम तोच, फक्त त्याला योग्य माल दिला. प्रत्यक्ष `h` छापून बघायची सवय ठेवा:

```python
from scipy.stats import gaussian_kde
import seaborn as sns

x = df.loc[df["mal"] == "bath", "wajan"]
print(gaussian_kde(x).factor * x.std())   # h, grams

for k in (0.5, 1, 2):
    sns.kdeplot(x=x, bw_adjust=k, cut=0)
sns.rugplot(x=x)
```

एकच रेषा कधीच बघू नका, या तीन एकावर एक बघा: साधारण २.२, ४.५ आणि ९ ग्रॅम. दोन शिखरं पहिल्या दोन रेषांत जवळपास त्याच जागी टिकली आणि तिसरीत चपटी झाली तर ती दखल घेण्याजोगी आहेत. फक्त २.२ ला दिसणारी, चार-सहा नगांवर उभी असलेली उंचवटी सोडून द्या. खालची `rugplot` ची दातेरी पट्टी त्यासाठीच आहे, उंचवटीखाली नग किती ते तिथं कळतं.

खालीही मर्यादा आहे. काटा २ ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतो, म्हणून आकडे ४५०, ४५२, ४५४ असेच येणार. `h` काट्याच्या टप्प्याच्या निम्म्याहून, म्हणजे १ ग्रॅमहून खाली नेली की रेषेला कंगव्यासारखे दाते येऊ लागतात. `bw_adjust=0.1` करून बघा, लगेच दिसेल. सारख्या अंतरावरची शिखरं दिसली की ती मालाची नसून काट्याची असतात.

आकडे गटांत वेगळे करायची सोयच नसेल तर आरमध्ये `density(x, bw = "SJ")` वापरा. शेदर आणि जोन्स यांची ही १९९१ ची पद्धत नुसत्या एकूण पसाऱ्यावर न विसंबता रेषेच्या वळणांचा अंदाज घेते, त्यामुळं दूरदूरच्या गटांत ती फारच लहान आणि समंजस `h` देते. आरच्या माहितीपानावरही `nrd0` जुन्या सवयीपोटी ठेवलाय आणि साधारणपणे `SJ` बरा, असंच लिहिलंय. फक्त एक ध्यानात ठेवा: आरच्या `bw` मधला आकडा थेट ग्रॅम असतो. सायपायच्या `bw_method` मधला आकडा प्रमाण विचलनाला गुणला जातो, म्हणजे तिथं ५ लिहिलंत तर ५ ग्रॅम नव्हे, ६७ ग्रॅम होतात. साय-किट लर्नच्या `KernelDensity` मध्ये पुन्हा थेट ग्रॅम. एका ठिकाणचा आकडा उचलून तसाच दुसरीकडं टाकू नका.

दोन शिखरं खरी की योगायोगाची यासाठी सिल्व्हरमनची १९८१ ची चाचणी आहे. ज्या सर्वांत लहान `h` ला एकच शिखर उरतं ती शोधायची, त्या गुळगुळीत रेषेतून (पसारा मूळ आकड्यांएवढा आखडून) २४० आकडे पुन्हा पुन्हा काढायचे आणि त्याच `h` ला किती वेळा एकाहून जास्त शिखरं येतात ते मोजायचं. क्वचितच आली तर तुमची दोन शिखरं खरी. पण तुमच्याकडं याहून सोपी गोष्ट आहे: नगावर शेडचा क्रमांक टाका आणि `hue` लावून दोन रेषा काढा. मला विचाराल तर कुठल्याही चाचणीपेक्षा मी यावर जास्त विश्वास ठेवीन.

शेडला दोष द्यायच्या आधी ओलावा मात्र बघा. २४ ग्रॅम म्हणजे ४६४ च्या ५ टक्के, आणि कापूस हवेतून एवढं पाणी सहज धरतो. वस्त्रोद्योगात कापसाचा प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात. एका शेडचा माल ड्रायरमधून काढल्या काढल्या काट्यावर गेला आणि दुसरा रात्रभर पडून राहिला, तर दोन शिखरं खरी असूनही मागात काही बिघाड नसेल. दोन्ही शेडचे वीस-वीस नग एकाच खोलीत २४ तास उघडे ठेवून पुन्हा तोला. अंतर टिकलं तर मग पाइलची उंची आणि इंचातले पिक तपासायला घ्या.