पत्र्याचं गोदाम: फॉइल, टर्बो की दुधी पत्रे, आधी काय?

प्रश्न: जालन्याजवळ आमचं 60 बाय 100 फुटांचं गोदाम आहे. कडेला उंची 18 फूट, मोभाला 24. वर निळा पत्रा. एप्रिल-मेमध्ये दुपारी हमाल आत थांबायला तयार नसतात, आणि तरी दिवसा लाइट लावावे लागतात. कोणी टर्बो व्हेंटिलेटर बसवा म्हणतं, कोणी चकचकीत फॉइल, कोणी पारदर्शक पत्रे. आधी काय करू?

उत्तर:

आधी फॉइल, मग टर्बो, आणि पारदर्शक पत्रे अगदी मोजके. मी शेड उभारणीच्या कामात आहे. "टर्बो बसवले, फिरतात पण छान, आत मात्र तेवढंच गरम" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. टर्बोचा दोष नसतो. त्याच्याकडून जे काम होणारच नाही, ते त्याला सांगितलेलं असतं.

खर्च करण्याआधी एक साधी तपासणी करा. दुपारी दोनच्या सुमारास गोदामात डोक्याच्या उंचीवर दोन थर्मामीटर टांगा. एकावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा, म्हणजे छताची धग त्याला थेट लागणार नाही पण हवा खेळती राहील. दुसरा एका छोट्या डब्यात ठेवा आणि डब्याला बाहेरून बिनचमकीचा काळा रंग द्या. तिसरं तापमान बाहेर सावलीतलं घ्या. आडोशातला काटा बाहेरच्यापेक्षा बराच वर असेल, तर गरम हवा आत कोंडली आहे आणि तिला वाट हवी. काळ्या डब्यातला काटा आडोशातल्यापेक्षा चार-पाच अंश वर असेल, तर छत तुमच्यावर धग फेकतंय. त्या धगेला हवा किती खेळवली तरी फरक पडत नाही, कारण ती हवेतून येत नाही, पत्र्यातून सरळ अंगावर येते. निळ्या पत्र्याखाली बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी सापडतात, पण हमालाला पळवते ती धग.

आता तुमच्या छताचा हिशेब. 6000 चौरस फूट म्हणजे साधारण 557 चौरस मीटर. मे महिन्याच्या दुपारी दर चौरस मीटरवर 900 ते 1000 वॅट ऊन पडतं. निळा पत्रा त्यातलं बरंचसं पिऊन 65 अंशांपर्यंत सहज तापतो. 65 अंशांचा पत्रा खालच्या 40 अंशांच्या फरशीकडे आणि पोत्यांकडे दर चौरस मीटरला दीडशे वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. सगळं छत धरलं तर 80 किलोवॉटच्या वर जातं. एक-एक किलोवॉटच्या ऐंशी शेगड्या उलट्या टांगल्यासारखं हे आहे.

फॉइल हे थांबवते, आणि कशी थांबवते ते समजून घेतलं तर कॉन्ट्रॅक्टर फसवू शकत नाही. बाजारात बबल फॉइल म्हणून जे मिळतं त्यात दोन ॲल्युमिनियमच्या पातळ थरांमध्ये हवेचे प्लॅस्टिक फुगे असतात. फुग्यांचा उपयोग थोडाच. खरं काम चकचकीत पृष्ठभागाचं. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः तापलं तरी आपली धग फारच कमी बाहेर टाकतं, रंगवलेल्या पत्र्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून चकाकी उन्हाकडे हवी असं वाटलं तरी एकाच बाजूला चकाकी असलेली फॉइल घेतलीत तर ती बाजू खाली, गोदामाकडे करा. वर केलेल्या बाजूवर जालन्याची धूळ बसते आणि तिचा गुण दोन-तीन उन्हाळ्यांत जातो. खालची बाजू वर्षानुवर्षं स्वच्छ राहते.

दुसरी अट, चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी, निदान एक इंच. पत्र्याला चिकटवलेल्या बाजूची चकाकी वाया जाते, कारण तिथे उष्णता स्पर्शानेच उतरते. उभ्या शेडमध्ये पत्रे न काढता काम करायचं तर पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, खालून जीआय तारा किंवा जाळी ताणून त्यावर फॉइल अंथरायची आणि जोडांवर ॲल्युमिनियम टेप लावायची. म्हणजे पर्लिनच्या उंचीइतकी पोकळी आपोआप मिळते. असं केलं की छतातून खाली येणारी धग दर चौरस मीटरला दहा-पंधरा वॅटवर येते.

आतल्या फुग्यांचं प्लॅस्टिक जळतं, म्हणून विक्रेत्याकडून आग-चाचणीचा अहवाल मागा आणि वेल्डिंगचं सगळं काम फॉइल चढायच्या आधी उरका. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, तेव्हा उघड्या वायरी पाइपात घ्या.

पत्रा चांगला असेल आणि वर सुरक्षित चढता येत असेल तर फॉइलऐवजी वरून पांढरा परावर्तक रंग हाही चांगला मार्ग आहे. पत्रा 65 वरून 45-48 अंशांवर येतो. पण रंगाआधी धुणं, गंज घासणं, प्रायमर हे नीट झालं पाहिजे आणि दर वर्षी फेब्रुवारीत छत धुवावं लागतं. शेजारी रोलिंग मिल किंवा जिनिंग असेल तर मी फॉइलच सुचवेन.

आता टर्बो. 24 इंची टर्बोचा घसा साधारण 0.28 चौरस मीटर. वारा पडलेला आहे आणि आतली वरची हवा बाहेरच्यापेक्षा 5 अंश गरम आहे असं धरा. तुमच्या उंचीला अशा एका टर्बोतून तासाला 800 घनमीटरच्या आसपास हवा निघेल. वारा असेल तर बरीच जास्त. माहितीपत्रकातले मोठे आकडे वाऱ्याचेच असतात, आणि मेमधल्या सगळ्यात वाईट दुपारी नेमका वारा नसतो. असे दहा टर्बो मिळून 13 किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर नेतात. ऐंशीपुढे तेरा! म्हणून नुसत्या टर्बोनं भागत नाही. फॉइल बसल्यावर मात्र छताचे सात-आठ आणि दुधी पत्र्यांचे तेवढेच, असे पंधरा-सोळा किलोवॉट उरतात, आणि तेच दहा टर्बो पुरेसे होतात.

अर्थात खालून हवा आत आली तरच. गोदामाचे शटर चोरीच्या भीतीनं बंद, खिडकी एकही नाही, आणि वर दहा टर्बो. अशा शेडमध्ये ते वाऱ्यानं फिरतात, पण ओढणार काय? दहा टर्बोंच्या घशांचं क्षेत्रफळ मिळून 30 चौरस फूट होतं. खाली त्याच्या दुप्पट, म्हणजे 60 चौरस फूट मोकळी जागा द्या. लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचा झरोका, आणि चिमण्या अडवणारी जाळी निम्मी वाट अडवतात, तेव्हा दोन्ही लांब भिंतींत 3 बाय 2 फुटांचे दहा-दहा लूव्हर, जमिनीपासून तीनेक फुटांवर. थप्पी त्यांच्यासमोर लावू नका. काम झाल्यावर लूव्हरपाशी उदबत्ती धरून पाहा. धूर आत वळला पाहिजे. टर्बो फिरतोय म्हणजे हवा निघतेच असं नाही, हे या उदबत्तीनं कळतं.

आणि भिंतीत मोठा विजेचा एक्झॉस्ट लावून वर टर्बोही ठेवलेत तर तो एक्झॉस्ट टर्बोमधूनच हवा खाली ओढतो. पावसाळ्यात त्या हवेबरोबर पाण्याचे थेंबही येतात. दोन्हीतलं एक निवडा. टर्बो मोभापासून दोन फूट खाली बसवा आणि त्याच्या बैठकीची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवून घ्या. नुसत्या सिलिकॉनवर विसंबून केलेला जोड उन्हानं फाटतो आणि आर्द्रा-पुनर्वसूत पाणी टपकतं.

उजेडाचं गणित लोक नेहमी वर चढवतात. काचेसारखा पारदर्शक पत्रा 10 टक्के छतावर घातला तर दुपारी 40 किलोवॉट उष्णता आत येते. म्हणजे फॉइलनं जे वाचवलं त्यातलं निम्मं परत गेलं. त्याऐवजी दुधी पॉलिकार्बोनेट किंवा एफआरपी घ्या, ज्यातून साधारण 45 टक्के प्रकाश येतो, आणि छताच्या फक्त सव्वातीन टक्के. तुमच्याकडे सव्वातीन फूट रुंद, पाच फूट लांब असे बारा तुकडे, दोन्ही पाख्यांवर सहा-सहा. यातून मे महिन्यात भर दुपारी जमिनीवर 500 लक्सच्या पुढे उजेड मिळतो, जो पोत्यावरचं लेबल वाचायला भरपूर आहे. आषाढ-श्रावणातल्या ढगाळ दिवशी तो शंभराच्या आसपास येतो. तेव्हा एखाद-दुसरा एलईडी लावा. त्या दिवसांसाठी पत्रे वाढवू नका.

तुकडे थप्प्यांमधल्या रस्त्याच्या वर बसवा, थप्पीच्या वर नाही. थप्पीवर पडलेला उजेड कोणाच्या कामाचा नसतो आणि उन्हानं पोती कुजतात. "उत्तरेच्या पाख्यावर लावा, ऊन येणार नाही" हा सल्ला थंडीत खरा आहे. पण जालन्यात 19-20 मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य डोक्यावरच असतो आणि नंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारी थोडा उत्तरेलाच राहतो. त्यामुळे नको त्या दिवसांत दिशेचा फायदा मिळत नाही, दुधीपणाच कामी येतो. प्रत्येक तुकड्याच्या खाली लोखंडी जाळी बसवा आणि वर कडेनं पिवळा पट्टा मारा. धूळ बसली की वरून दुधी पत्रा आणि निळा पत्रा सारखेच दिसतात, आणि दुधी पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. त्यातून पडून माणसं मरतात.

महत्त्व फॉइलला आधी असलं तरी छतावर खुणा उलट्या क्रमानं करायच्या. आधी दुधी तुकड्यांच्या जागा, मग टर्बोच्या, आणि शेवटी फॉइल, दोन्ही ठिकाणी कापून. मोभाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जागा फॉइलशिवाय मोकळी ठेवायची, म्हणजे खालची गरम हवा आणि पोकळीतली गरम हवा दोन्ही टर्बोपर्यंत पोहोचतात. फॉइल मोभापर्यंत एकसंध ताणली तर टर्बो फक्त पोकळी रिकामी करतात आणि गोदाम कोंदटच राहतं.

काम झाल्यावर कॉन्ट्रॅक्टर तापमानाची बंदूक फॉइलवर रोखून "बघा, किती थंड" म्हणेल. ते मोजमाप धरू नका. चकचकीत पृष्ठभागावर ती बंदूक समोरच्या फरशीचं प्रतिबिंब मोजते. फॉइलवर साध्या कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा. किंवा आपला काळा डबा पुन्हा टांगा, तो खोटं बोलत नाही.

आणि एवढं सगळं करून आतलं तापमान बाहेरच्या सावलीइतकं होतं, त्याखाली जात नाही. बाहेर 42 असेल तर आत 42-43. खत, सरकी, रिकामा बारदाना यांना चालतं. बियाणं ठेवणार असाल तर त्याच शेडच्या एका कोपऱ्यात पफ पॅनेलची, म्हणजे फोम भरलेल्या पत्र्यांची, वातानुकूलित खोली वेगळी करा. भोवतालचं गोदाम तापत नसल्यामुळे तिचं वीजबिलही कमी येईल.