कॉर्टिसोल वाढलंय की त्याची वेळ चुकलीये? नाइट शिफ्टमधली एक केस

प्रश्न: "चार वर्षं नाइट करतोय. सकाळी घरी येऊन झोपलो तरी दुपारी दीड वाजता छाती धडधडून जाग येते, मग झोप नाहीच. पोट सुटलंय, शुगर बॉर्डरवर आलीये. सगळे म्हणतात कॉर्टिसोल वाढलंय, ते कमी करायच्या गोळ्या घेऊ का?"

गोळ्या राहू द्या. हुबेहूब हीच तक्रार घेऊन आलेल्या एका क्लायंटबद्दल सांगतो, ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय 36, एका प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये रात्री 10 ते सकाळी 6, आठवड्याला पाच नाइट आणि दोन सुट्ट्या. आले तेव्हा हातात फाइल होती, त्यात दोन कॉर्टिसोल रिपोर्ट. पहिला रक्ताचा, शिफ्ट संपवून तसेच लॅबमध्ये जाऊन सकाळी 8 ला दिलेला, तो रेंजमध्ये. दुसरा लाळेचा, रात्री साडेअकराला ड्युटीवर असताना किटमध्ये घेतलेला, तो हाय. ह्या दुसऱ्या रिपोर्टने त्यांची झोप उरलीसुरली पण गेली, कारण नेटवर वाचलं की रात्रीचं कॉर्टिसोल हाय म्हणजे कुशिंग, शरीरात कॉर्टिसोल फार जास्त होण्याचा आजार.

आता हे बघा, कॉर्टिसोल हे स्ट्रेस हॉर्मोन दिवसभर एका लेव्हलला नसतंच. मेंदूतलं घड्याळ ते पहाटे चढवायला लागतं, उठायच्या सुमारास टॉपला नेतं, उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात अजून एक उसळी येते आणि मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला. लाळेची रात्रीची टेस्ट ह्या तळावर बोट ठेवते, म्हणजे माणूस शांत आहे, झोपायच्या बेतात आहे हे तिने गृहीत धरलेलं असतं. तुम्ही त्या वेळेला लख्ख लाइटखाली, अलार्म वाजत असताना, जागे आणि कामात असाल तर तो आकडा कशाशी ताडून बघायचा? शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी ही रात्रीची टेस्ट वापरू नये असं एंडोक्राइनवाल्यांच्या, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्येच आहे, पण किटच्या खोक्यावर कोण लिहिणार ते.

तरी मी स्वतःहून "काही नाहीये" म्हटलं नाही, तो माझा प्रांत नाही. त्यांना एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं. डॉक्टरांनी आधी अंग बघितलं, पोटावर रुंद जांभळे स्ट्रेच मार्क आहेत का, जरा लागलं की काळंनिळं पडतं का, खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का. ह्यातलं काही नव्हतं. मग सुट्टीचे दिवस धरून डेक्सामेथासोनवाली टेस्ट केली, रात्री कॉर्टिसोल दाबणारी ही 1 मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळचं कॉर्टिसोल, ते 1.8 मायक्रोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली आलं की कुशिंगचा संशय बहुतेक मिटतो. आलं खाली. गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं HbA1c मात्र 5.9, म्हणजे प्रीडायबेटिस खरंच होता (5.7 ते 6.4 ह्या पट्ट्यात त्याला प्रीडायबेटिस म्हणतात). आणि त्यांची जुनी 'फास्टिंग शुगर' फास्टिंग नव्हतीच, पहाटे 3 ला जेवून 8 ला रक्त दिलेलं, फास्टिंगला निदान आठ तास काही खाल्लेलं नको. नाइटवाल्यांच्या फायलीत हा घोळ मी सारखा बघतो.

मग दीड वाजता धडधडून जाग का? मी त्यांना दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला लावली, झोपेच्या वेळा, चहाकॉफी, खाणं, आणि घरी येताना ऊन किती लागलं ते पण. त्यात सगळं दिसलं. 6 ला सुटायचे, उजेडातून बाइकवर घरी, मग मोबाइल, साडेनऊला आडवे. दमलेल्या माणसाला लगेच झोप लागते, पहिले चारेक तास थकव्याच्या जोरावर निघतात. पण तेवढ्यात थकव्याचा दाब ओसरतो आणि शरीराचं घड्याळ मात्र तिकडे भर दिवसात असतं, शरीराचं तापमान चढतंय, जागं ठेवणारा सिग्नल जोरात, झोपेला बांधून ठेवणारं काही उरत नाही. कॉर्टिसोल खूप जास्त बनतंय असं नाही हो, सकाळी ते बऱ्यापैकी वर असताना तुम्ही झोपायला जाताय आणि रात्री ते तळाला असताना काम करताय. आणि चार वर्षं झाली तरी घड्याळ उलटं फिरलेलं नाही, कारण रोज सकाळचा उजेड आणि दर सुट्टीला रात्रीची झोप त्याला परत जागेवर आणून ठेवतात. नाइटवाल्यांमध्ये पूर्ण जुळवून घेतलेले फार थोडे सापडतात.

धडधडीचं एक वेगळं कारण पण डायरीतच होतं. पहाटे साडेचारला शेवटची कडक कॉफी. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेनऊला गादीवर पडताना अर्धी कॉफी अंगात.

शुगरचं काय, तर बॉस्टनच्या ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये 2009 साली एक प्रयोग झाला, मी क्लायंटना तोच सांगतो. दहा जणांना 28 तासांच्या 'दिवसावर' ठेवलं, त्यामुळे त्यांचं झोपणं-खाणं घड्याळापासून सरकत सरकत 12 तास उलटं झालं. तिथे पोचल्यावर इन्सुलिन 22 टक्के वाढूनसुद्धा शुगर 6 टक्के वरच, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 17 टक्के खाली, कॉर्टिसोलची लय पार उलटी. तब्येतीने धडधाकट माणसं, तरी आठपैकी तिघांची जेवणानंतरची शुगर प्रीडायबेटिसमध्ये गेली. म्हणजे "मी कमीच खातो तरी पोट का सुटतंय" ह्यात तुमची इच्छाशक्ती कमी आहे वगैरे काही नाही. रात्री स्वादुपिंड जेवणाला दिवसासारखं तोंड देत नाही आणि भूक मात्र जास्त लागते. त्याच हॉस्पिटलमध्ये 2021 ला पुढचा प्रयोग झाला, 19 जण, खोटी नाइट शिफ्ट, एका गटाला रात्री पण जेवण, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी शुगर 6.4 टक्के वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. झोप दोघांची सारखीच उलटी होती बरं का.

म्हणून आम्ही आधी खाण्याला हात घातला, झोपेपेक्षा ते सोपं असतं. मुख्य जेवण शिफ्टच्या आधी 8 ला, रात्री 12 ते 6 पाणी आणि फारच कासावीस झालं तर मूठभर काहीतरी प्रोटीनवालं, घरी आल्यावर हलकं खाऊन झोप, म्हणजे भुकेने जाग येत नाही. पहिला आठवडा ते वैतागले होते, "तीन वाजता सगळे डबे उघडतात आणि मी काय भिंतीकडे बघू?" शेवटी डबे उघडायच्या वेळेला ते प्लांटमध्ये राउंड मारायला लागले. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचंच नाही, ड्युटीवर शुगर पडली तर भलतंच होईल.

मग झोप. घड्याळ पूर्ण उलटं करायचा हट्ट आम्ही धरला नाही, कारण सुट्टीला घरच्यांबरोबर पण राहायचं असतं, तेव्हा अर्ध्या वाटेवर आणायचं ठरवलं. ड्युटीच्या दिवशी 7:30 ते 2:30 गादीत, आणि सुट्टीच्या दिवशी रात्री 11 ला न झोपता 3:30 ते 11:30. बघा, दोन्हीत 7:30 ते 11:30 हे चार तास कॉमन येतात, त्याला अँकर स्लीप म्हणतात, घड्याळाला पकडायला रोजची एक ठरलेली जागा मिळते. ह्याच्याबरोबर उजेडाचं गणित लागतंच. पहाटे 4 पर्यंत कंट्रोल रूममध्ये लख्ख लाइट, त्याने घड्याळ उशिराकडे सरकतं, नंतर जमेल तेवढा मंद. सकाळचं ऊन मात्र उलट ओढतं, म्हणून घरी जाताना गडद गॉगल. इथे मी अडलो, कारण हे बाइकवर जायचे. रात्रभर जागलेला माणूस, वर डोळ्यावर काळी काच, पेंग आली तर? म्हणून आधी कंपनीच्या बसने जायचं ठरवलं, मग गॉगल. स्वतः गाडी चालवत असाल तर गॉगल सोडा, सरळ घरी या आणि खोली अंधारी करा. कॉफी रात्री 1 नंतर बंद, आणि पेंगेसाठी 2:30 च्या ब्रेकमध्ये 20 मिनिटांची डुलकी, त्याहून लांबली की उठल्यावर डोकं जड राहतं.

दीडला जाग पहिल्या तीन आठवड्यांत गेली नाही, आधी फक्त धडधड गेली, ती बहुधा कॉफीचीच होती. महिन्याभराने झोप चारवरून सव्वासहा तासांवर आली, सातवर कधीच नाही. सुट्टीचं शेड्यूल दोनपैकी एकाच दिवशी पाळायचे, दुसरा दिवस मुलांचा, मी पण फार ताणलं नाही. तीन महिन्यांनी HbA1c 5.7, म्हणजे अजून रेषेवरच, आणि ह्यातला वाटा खाण्याचा किती नि झोपेचा किती हे वेगळं काढता येणार नाही. मधेच बायकोने सांगितलं की झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो, म्हणून स्लीप ॲप्नियाची टेस्ट करायला लावली, माइल्ड निघाला. पोट सुटलेलं आणि झोप तुटणारी असेल तर हे तपासून घ्याच, नाहीतर बाकी सगळं करूनही दुपारी डोळे उघडतच राहतात.

कॉर्टिसोल कमी करायच्या गोळ्यांचं त्यांनी पण विचारलं होतं. ज्याचं कॉर्टिसोल जास्त नाही त्याने काय कमी करायचं? सकाळची लेव्हल बळंच पाडून दिवसा झोप लागत नाही, आणि अशा पुड्यांमध्ये काय मिसळलंय त्याचा भरवसा नसतो. तुम्ही कॉर्टिसोल पुन्हा तपासायला जाऊ नका, HbA1c करा, त्याला उपाशी राहावं लागत नाही आणि शिफ्टची वेळ आड येत नाही. डायरी दोन आठवड्यांची भरा, शेवटची कॉफी आणि पहाटेचं खाणं नक्की टिपा, आणि ती घेऊन या. तुमची शिफ्ट फिरती असेल, म्हणजे एक आठवडा नाइट एक आठवडा डे, तर वरचं वेळापत्रक जसंच्या तसं लावू नका, त्यात घड्याळ सरकवायच्या भानगडीत न पडता फक्त खाणं, कॉफी आणि अंधारी खोली एवढंच धरायचं.