मामींनी दिलेला नंबर आणि पहिला मेसेज

*ताई, मी ३० वर्षांचा, मूळचा कराडचा, चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. नाशिकच्या मामींनी त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीचा नंबर दिलाय. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि ढोल पथकात वाजवते, एवढंच मला माहीत आहे. (मीही कॉलेजात ताशा शिकायला गेलो होतो, जमला नाही.) ‘आधी तुम्ही दोघं बोला, मग आम्ही बघू,’ असं मामी म्हणाल्या. चार दिवस व्हॉट्सअॅपवर लिहितोय आणि पुसतोय. नुसतं ‘हाय’ टाकलं तर उथळ वाटेल, मामींचं नाव घेतलं की लगेच कांदेपोहे आठवणार. शेवटी हे लिहिलंय: ‘नमस्कार. आपला बायोडेटा मिळाला. प्रोफाइल आवडली. आपल्याशी बोलायला आवडेल. आपल्या अपेक्षा काय आहेत?’ पण वाचून मलाच कसंतरी होतंय. सहज बोलायला लागलोय असं वाटेल, असं काय लिहू?*
*— चाकणचा एक वाचक*

मामींचं नाव पहिल्याच ओळीत घ्या. तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय हे मला कळतं, पण ते टाळलं की सगळंच अवघड होऊन बसतं.

तिच्या बाजूने बघा. तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही. तिला दिसणार दहा आकडे आणि मेसेजची पहिली ओळ. माझ्या भाचीसाठी स्थळं बघणं चालू होतं, तेव्हा एका रविवारी तिने जेवता जेवता फोन माझ्यापुढे धरला. आठवड्याभरात चार अनोळखी नंबर आले होते. एकात ‘हाय’, एकात ‘हॅलो, कशी आहेस?’, एकात ‘ओळखलंस का?’ आणि एकात ‘मी तुझ्या काकूंच्या भिशीतल्या बाईंचा पुतण्या, काकूंनी तुला सांगितलंय ना?’ पहिले तिघे कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती म्हणाली, ‘मावशी, यातला एक कदाचित चांगला असेलही, पण मी कोणाकोणाला विचारत बसू, तू कोण म्हणून?’ उत्तर गेलं ते चौथ्याला. मधलं माणूस लपवलं तर मेसेज सहज होत नाही, अनोळखी होतो. आणि दोन दिवसांनी तिला कळणारच की नंबर कुठून आला. मग तुम्ही ते का सांगितलं नाहीत, असा प्रश्न उभा राहतो.

मात्र ‘मामींनी नंबर दिला’ एवढंच लिहून भागणार नाही. तुमच्या मामी तिच्या मामी नाहीत. तिच्या घरी त्यांना आडनावाने मॅडम म्हणत असतील, किंवा काकू. ज्या नावाने ती त्यांना ओळखते, तेच नाव लिहा आणि पुढे ‘त्या माझ्या मामी’ असं जोडा.

त्याआधी मामींना एक फोन करा आणि सरळ विचारा: मुलीला स्वतःला माहीत आहे का? ‘तिच्या आईशी बोलणं झालंय’ हे याचं उत्तर नाही. शाळेत मधल्या सुट्टीत दोन बायकांचं ठरतं, आई आनंदाने नंबर देते आणि मुलीला सांगायचं राहून जातं, हे मी पत्रांतून कितीदा वाचलंय. अशा वेळी तिला राग येतो तो तुमचा नसतो, पण निघतो तुमच्यावर. मुलीला विचारलेलं नसेल तर मामींना म्हणा, आधी तिला विचारा, मी चार दिवस थांबतो. हे थांबणं मेसेजमधल्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता तुमचा मसुदा. तो वाचून तुम्हाला कसंतरी झालं याचं मला बरं वाटलं, कारण त्यात तुम्ही कुठेच नाही आहात. ‘आपला बायोडेटा मिळाला’ हे वाक्य नोकरीच्या अर्जाला पोच दिल्यासारखं आहे. ‘आपण’ आणि ‘आपल्या’ हे शब्द लग्नपत्रिकेत शोभतात, दोन माणसांच्या बोलण्यात नाहीत. एकदम ‘तू’सुद्धा नको. अनोळखी मुलीला पहिल्याच ओळीत अरेतुरे केलं, तर ते मोकळेपणाचं वाटत नाही, गृहीत धरल्यासारखं वाटतं. साधं ‘तुम्ही’ ठेवा. दोन-चार दिवस बोलणं झाल्यावर ‘अहो-जाहो किती दिवस करायचं?’ हा विषय आपोआप निघतो, आणि तो तिने काढला तर जास्त बरं.

आणि ‘अपेक्षा’ हा शब्द तर पहिल्या मेसेजात नकोच. बोलणं ठरवून केल्यासारखं वाटतं ते मामींमुळे नाही, या प्रश्नामुळे वाटतं. अपेक्षा, पगार, बदलीची तयारी, स्वयंपाक येतो का, हे सगळे बायोडेटाच्या रकान्यांतले प्रश्न. ते कधीतरी विचारावे लागतीलच, दोघांनाही. पण त्यांची उत्तरं तिने आधीच्या स्थळांना इतक्यांदा दिलेली असतात की ती पाठ झालेली असतात, आणि तुम्हालाही पाठ केलेलंच उत्तर मिळतं. पहिला प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर तिला अजून कोणाला द्यावं लागलेलं नाही. तो एकच असावा आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं पाहिजे, वाटलं तर दहा ओळींतही. शिवाय ते उत्तर ऐकायची तुम्हाला खरंच उत्सुकता हवी. नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं.

तुमच्याकडे तर त्याचा मसाला तयार आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि पथकात ढोल वाजवते. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ढोल कमरेला बांधून तासन् तास उभं राहायचं, वर हात सतत चालू. सरावाच्या दिवसांत पथकातल्या निम्म्या पोरांचे खांदे आणि कंबर धरत असणार, आणि त्यांच्यात एकच माणूस असं आहे ज्याला त्यातलं कळतं. ते सगळे तिच्याकडेच येत असतील का? मला स्वतःला हे जाणून घ्यायला आवडेल. तुम्हालाही आवडेल, कारण तुम्ही ताशाच्या नादाने थोडंसं तिकडे जाऊन आला आहात. म्हणून मी असं लिहिलं असतं:

‘नमस्कार, मी अमुक. शाळेतल्या तमुक मॅडम, तुमच्या आईंच्या सहकारी, त्या माझ्या मामी. त्यांनी तुमचा नंबर दिला, तुम्हाला विचारूनच दिला असं म्हणाल्या. मी कराडचा, सध्या चाकणला असतो. तुम्ही ढोल पथकात आहात असं त्यांच्याकडून कळलं. मीही कॉलेजात असताना ताशा शिकायला गेलो होतो, पण काही जमला नाही. एक विचारायचं होतं: फिजिओथेरपिस्ट पथकात आहे म्हटल्यावर सरावानंतर सगळे आपापली दुखणी घेऊन तुमच्याकडेच येत असतील ना? सवडीने लिहा, घाई नाही.’

याची आठ वाक्यं होतात, यापेक्षा लांबवू नका. ताशाची गोष्ट मुद्दाम घेतली आहे, कारण नुसता प्रश्न विचारला की ती चौकशी होते. आपलं थोडंसं आधी सांगून मग विचारलं की ते बोलणं होतं. आणि ते आपलं म्हणजे पगार किंवा फ्लॅट नको, न जमलेला ताशाच हवा. फक्त तो तुमच्या शब्दांत सांगा. ताशा का सुटला हे तुम्हालाच ठाऊक आहे. मनगट दुखत होतं की परीक्षा आली, जे असेल ते अर्ध्या ओळीत घाला. मी लिहिलेलं जसंच्या तसं पाठवलंत तर तिच्या पहिल्या उत्तरानंतर तुम्ही अडखळाल, कारण पुढचं वाक्य माझ्यासारखं येणार नाही. लिपीचंही तेच. मित्रांना तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असाल तर तिलाही तसंच लिहा.

हा मेसेज लिहिण्याआधी तिचं इन्स्टाग्राम उघडून बघण्याचा मोह होईल. बघितलंत तरी त्यातलं काही पहिल्या मेसेजात आणू नका. ‘तुम्ही मे महिन्यात हरिहर गडावर गेला होतात ना’ असं वाचलं की समोरच्याला अंगावर काटा येतो. मामींनी सांगितलेलं तेवढंच तुम्हाला माहीत आहे, तेवढ्यावरच लिहा.

पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत जाऊन बघा की तुमचा फोटो कोणाला दिसतो. तिथे My contacts असेल आणि तुम्ही तिचा नंबर अजून सेव्ह केलेला नसेल, तर तिला रिकामं वर्तुळ दिसेल. चेहरा नीट दिसणारा, एकट्याचा साधा फोटो असू द्या. मेसेज दुपारी किंवा संध्याकाळी क्लिनिक सुटल्यावर जाऊ द्या. रात्री दहानंतर अनोळखी नंबरावरून आलेला मेसेज, कितीही सभ्य असला तरी, वेगळा वाचला जातो. काही चुकलं तर पुसू नका. ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी खूण मागे राहते आणि आधी काय लिहिलं होतं याची शंकाही. पंधरा मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो, तेवढं पुरे.

उत्तर यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. निळ्या खुणा बघून काही ठरवू नका, पुष्कळ जणांनी त्या बंदच ठेवलेल्या असतात. आठवड्याने एकदा हलकं विचारू शकता, ‘सरावाची गडबड चालू असेल, सवड झाली की लिहा’ इतकंच. त्यानंतरही काही आलं नाही, तर ते तिचं उत्तर समजा आणि मामींकरवी विचारणा करू नका. काही मुली आईला नाही म्हणता येत नाही म्हणून नंबर द्यायला हो म्हणतात. गप्प राहणं एवढीच त्यांच्या हातातली वाट असते.

उत्तर आलं आणि ते एका ओळीचं असलं, ‘हो ना, सगळे माझ्याकडेच येतात’ असं, तर निराश होऊ नका. त्याच धाग्याने पुढे जा, सर्वांत जास्त काय दुखतं ते विचारा. लगेच दुसऱ्या विषयावर उडी मारली तर पुन्हा रकाने भरायला सुरुवात होते. आणि हे मेसेज महिनाभर लांबवूही नका. तीन-चार वेळा नीट बोलणं झालं की फोनवर बोलूया का, असं विचारा. आपण कशासाठी बोलतोय हे तुम्हा दोघांना पहिल्या ओळीपासून माहीत आहे, ते न बोललेलं ठेवून ताण वाढवण्यात अर्थ नाही.

राहिल्या मामी. त्या दुसऱ्याच दिवशी विचारणार, ‘काय रे, बोललास का? काय म्हणाली?’ आणि तुम्ही प्रेमाने स्क्रीनशॉट पाठवाल. तो मामींकडून तिच्या आईकडे जायला एक मधली सुट्टी पुरते. संध्याकाळी आईने घरी ‘खांदेदुखीबद्दल काय बोलत होतात गं?’ असं विचारलं, की ती पुढचा प्रत्येक मेसेज चार जण वाचणार आहेत असं धरून लिहील. म्हणून तिला विचारलंय का, हे विचारायला मामींना फोन कराल त्याच फोनवर हेही सांगून टाका: ‘मामी, बोलणं सुरू झालं की तुम्हाला तेवढं कळवेन. काय बोललो ते मात्र विचारू नका.’ त्या थोड्या फुरंगटतील. फुरंगटू द्या, आणि फोन ठेवून मेसेज लिहायला घ्या.