सराफ्यात मोबाईल आणि पाकीट दोन्ही गेले, तर आधी कुठे धाव घ्यावी?

प्रश्न: रात्री सराफ्यात खाऊन निघालो तेव्हा खिशात मोबाईल नव्हता, पाकीटही नव्हते. मी नागपूरचा, इंदुरात ओळखीचे कोणी नाही. हॉटेलच्या संगणकावरून लिहीत आहे. आधी पोलिसांत जाऊ की कार्डे बंद करू?

उत्तर: या दोन्हींच्या आधी सिम बंद करा. हॉटेलच्या व्यवस्थापकांचा फोन मागून घ्या आणि आपल्या नंबरवर एकदाच रिंग देऊन पाहा. कोणी उचलला आणि सराफ्यातल्याच एखाद्या ठेल्यावर फोन सापडल्याचे सांगितले, तर सोबत कोणाला तरी घेऊन रात्रीच जा. ते ठेले सराफांची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे लागतात, त्यामुळे सकाळी तिथे रात्रीचे कोणीही भेटणार नाही. फोन बंद लागला किंवा कोणी उचललाच नाही, तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका.

सिमचा आग्रह धरण्याचे कारण असे की फोनला कुलूप असले तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला फार वेळ लागत नाही, आणि सिमला स्वतःचा पिन लावलेला नसेल तर आपले सगळे ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येऊ लागतात. एरवी एकटा फोन किंवा एकटे पाकीट गेले तर धोका मर्यादित असतो, पण आपले दोन्ही एकाच हाती गेले आहे. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्यावरची मुदत आणि त्या नंबरवर आलेला ओटीपी एवढ्यावर यूपीआयचा नवा पिन तयार करता येतो. म्हणून ज्या कंपनीचे सिम आहे तिच्या ग्राहक सेवेला फोन करून, नाव, जन्मतारीख, पत्ता असे ते विचारतील ते सांगून, सिम ताबडतोब बंद करून घ्या.

त्यानंतर लगेच बँक. कार्डामागे छापलेला नंबर कार्डासोबतच गेला, त्यामुळे लोक तो इंटरनेटवर शोधतात आणि ग्राहक सेवेच्या नावाने टाकलेल्या भामट्यांच्या नंबरावर जाऊन अडकतात. नंबर बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, किंवा घरी पासबुक असेल तर त्यावरून वाचून घ्या. स्टेट बँकेचा 1800 1234 हा आहे. फोन लागला की कार्ड बंद करायला सांगून थांबू नका. सिम बंद झाल्यावरही फोन वायफायवर चालतो आणि कार्ड बंद केल्याने यूपीआय आपोआप बंद होत नाही, म्हणून त्या खात्याचे यूपीआय आणि मोबाईल बँकिंगही थांबवायला स्पष्ट शब्दांत सांगा. टॅप करून चालणाऱ्या कार्डावर 5,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाऊ शकते, त्यामुळे पिन कोणाला ठाऊक नाही म्हणून कार्डाचे काम सकाळवर ढकलणे बरोबर नाही.

प्रत्येक फोननंतर तक्रार क्रमांक आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहून ठेवा. या कागदाचे महत्त्व पुढे कळते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले की ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर जो अनधिकृत व्यवहार होईल त्याचे नुकसान बँकेने सोसायचे, आणि त्याआधी ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ पाकिटात ठेवलेल्या पिनच्या चिठ्ठीमुळे, जे गेले ते ग्राहकाचे. म्हणजे वाद झालाच तर तो आपण किती वाजता कळवले याच मुद्द्यावर होतो. पैसे गेल्याचे दिसले, तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावरही कळवा. ती रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी अडवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या साताऱ्याच्या मामेभावाचे राजवाड्याजवळच्या गर्दीत असेच दोन्ही गेले. सिम आणि कार्डे अर्ध्या तासात बंद झाली, पण यूपीआय थांबवायला सांगायचे राहिले. त्याच्या फोनला कुलूपही नव्हते. पहाटे खाते पाहिले तर यूपीआय लाइटमध्ये ठेवलेल्या पैशांतून लहान लहान रकमा गेलेल्या होत्या, कारण तिथे 1,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागतच नाही.

आता पोलिसांविषयी. सराफा भागातली घटना सराफा ठाण्याकडे जाते, आणि ते ठाणे तिथून जवळच आहे. अर्ज हिंदीत लिहा. त्यात जागा, अंदाजे वेळ, फोनचा मेक, आयएमईआय, सिमचा नंबर आणि पाकिटातल्या कागदपत्रांची यादी द्या. आयएमईआय फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो, तो नागपूरच्या घरून कोणालाही वाचून दाखवता येईल. एक गोष्ट मात्र ठरवून जा. ठाण्यातले मुंशी बहुतेक वेळा वस्तू हरवल्याचा अर्ज घेऊन शिक्का मारून देतात. नवे सिम, लायसन्स आणि फोन ब्लॉक करणे यांसाठी तेवढे पुरते, पण फोनचा विमा असेल आणि तो चोरीचा दावा करायचा असेल तर कंपनी एफआयआर मागते. दोन वेगळ्या खिशांतून दोन वस्तू एकाच वेळी पडत नाहीत, तेव्हा माझ्या मते आपण चोरीच लिहावी. भारतीय न्याय संहितेचे कलम 303 चोरीचे आहे. परतीची गाडी सकाळी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे नागपूरच्या ठाण्यातही ही तक्रार देता येते, मग ती इंदूरला वर्ग होते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

फोन ब्लॉक करण्याचे काम ceir.gov.in वर होते. त्यासाठी पोलिसांच्या कागदाची प्रत, ओळखपत्र आणि त्याच नंबरचे नवे सिम लागते, कारण ओटीपी त्यावर येतो. इथेच बहुतेक जण अडतात. नवे सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ही सिम बदलून फसवणाऱ्यांना रोखण्यासाठी मुद्दाम घातलेली अट आहे, सिम खराब निघालेले नाही. त्यामुळे सिम घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज भरा. महाराष्ट्राचे सिम मध्य प्रदेशातली सगळी दुकाने बदलून देत नाहीत, म्हणून जाण्यापूर्वी कंपनीच्या स्वतःच्या दुकानात फोनवर विचारा. आधार कार्ड गेले असले तरी आधार क्रमांक माहीत असेल तर अंगठा लावून ओळख पटवता येते. नकार मिळाला तर नागपूरला पोहोचल्यावर सिम घ्यावे, कारण फोन ब्लॉक करायला एक-दोन दिवस उशीर झाला तरी सिम आणि यूपीआय आधीच बंद असल्याने पैशांचा धोका उरत नाही. अर्ज भरल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा, फोन सापडला तर त्याच्याशिवाय तो पुन्हा चालू करता येणार नाही.

आजच्या रात्रीच्या खर्चासाठी घरच्यांनी हॉटेलच्या खात्यावर पैसे पाठवले, तर व्यवस्थापक खोलीचे भाडे वळते करून उरलेले रोख देऊ शकतील. रेल्वेचे ई-तिकीट असेल तर प्रवासात मूळ ओळखपत्र लागते, त्यामुळे कोणी नागपूरहून येत असेल तर घरातले दुसरे ओळखपत्र, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट, त्यांच्यासोबत मागवून घ्या.