कंपनीचे शेअर आणि कराची धास्ती

“माझ्याकडे कंपनीचे १,१०० शेअर साठलेत, १ कोटी ६५ लाखांचे. बाकी बचत जेमतेम ४० लाख. विकायला हवेत हे कळतं, पण विकले तर वीसेक लाख करातच जातील. मग थांबू का?”

प्रश्न पुण्यातल्या एका आयटी मॅनेजरचा. कंपनी अमेरिकेत लिस्टेड, शेअर आरएसयूचे, म्हणजे पगाराचा भाग म्हणून कंपनीने टप्प्याटप्प्याने दिलेले. वीस लाख आले कुठून, तर ब्रोकरच्या स्टेटमेंटवर खरेदी किंमत शून्य होती आणि त्यांनी सगळ्या रकमेवर दीर्घमुदतीच्या नफ्याचा १२.५ टक्के कर लावला होता. ही चूक फार जण करतात. आरएसयू व्हेस्ट होतात, म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या मालकीचे होतात, त्या दिवशीच त्यांची किंमत पगारात धरली जाते आणि कर कापला जातो. म्हणून तर १०० व्हेस्ट झाले की खात्यात साधारण ६९च येतात. त्या दिवशीचा भाव हीच तुमची खरेदी किंमत. पुढचा कर फक्त त्यानंतरच्या वाढीवर.

त्यांना पगाराच्या स्लिपा काढून प्रत्येक लॉटची, म्हणजे एकाच दिवशी आलेल्या शेअरच्या गटाची, तारीख आणि भाव लिहायला सांगितलं. आजचा भाव १५,००० रुपये. दोन वर्षांहून जुने ५०० शेअर १२,०००च्या भावाने आलेले, म्हणजे नफा १५ लाख. गेल्या वर्षीचे २०० शेअर १७,०००ला आलेले, त्यात ४ लाख तोटा. हा अल्पमुदतीचा तोटा दीर्घमुदतीच्या नफ्यातून वजा होतो. उरले ११ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी १ लाख ३७ हजार ५०० रुपये, सेस-अधिभार वेगळा. एवढ्यात १ कोटी ५ लाख मोकळे झाले. मात्र विकताना ब्रोकरच्या साइटवर लॉट स्वतः निवडावे लागतात, नाहीतर तो आपल्या क्रमाने विकतो.

उरलेले ४०० नफ्यातले आहेत, पण २४ महिने झालेले नाहीत. आज विकले तर नफ्यावर स्लॅबने ३० टक्के. ते मुदत भरेल तसे विकायचे ठरलं. पण भाव घसरायला लागला तर कर वाचवायला थांबू नका, हेही बजावलं. नवे व्हेस्ट होतील ते त्याच दिवशी, किंवा ट्रेडिंग विंडो, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर विकायची मुभा असलेला काळ, बंद असेल तर उघडल्या दिवशी विकायचे. तेव्हा वाढ जवळपास नसतेच, त्यामुळे करही नाही.

“पण कंपनी चांगली आहे हो!” असेल. २०२२मध्ये मेटाचा शेअर वर्षभरात जवळजवळ दोन तृतीयांश पडला आणि त्याच नोव्हेंबरात ११,०००हून जास्त लोकांची नोकरी गेली. असं झालं की पगार थांबतो, जमलेले शेअर पडतात आणि व्हेस्ट न झालेले सहसा रद्द होतात. म्हणूनच ते न झालेले शेअर त्यांच्या संपत्तीच्या तक्त्यात आम्ही धरलेच नाहीत.

आणखी एक, हे सहसा कुणी सांगत नाही: अमेरिकी शेअर ६० हजार डॉलरच्या वर असताना मालकाचं निधन झालं, तर भारतात राहणाऱ्या वारसांनाही तिथला इस्टेट टॅक्स लागू शकतो, वरचा दर ४० टक्के. हे ऐकल्यावर त्यांनी उरलेल्या ४०० शेअरचा हिशेब डॉलरमध्ये मांडून पाहिला आणि मुदत भरण्याच्या तारखा कॅलेंडरवर टाकल्या.