पैसे अडकले, माल अजून हातात किंवा वाटेत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

"अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. ४०० पॅनल बॉक्सची ऑर्डर होती, १५०० रुपये नग, एकूण ६ लाख. १२० नग दिले, २ लाख आले, ३० दिवसांचं क्रेडिट कधीच संपलं. आता पार्टी म्हणते बिल आमच्या नावावर फाडलंय म्हणजे माल आमचा, बाकीचे २८० द्या. अडवता येईल का? त्यांच्याकडे मागच्या वर्षीचे ८० हजारही बाकी आहेत."

हो, अडवता येईल, आणि पार्टीचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. बिल फाडल्यावर मालकी कदाचित त्यांची झालीही असेल, पण १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमधे मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. पूर्ण किंमत मिळाली नसेल तर तुम्ही 'अनपेड सेलर', आणि कलम ४७ प्रमाणे क्रेडिट संपलेलं असताना माल तुमच्याच ताब्यात असेल तर पैसे येईपर्यंत तो धरून ठेवायचा हक्क तुम्हाला आहे, यालाच लिएन म्हणतात. १२० नग देऊन टाकले म्हणून बाकीच्यावरचा हक्क जात नाही, आणि "काही पैसे दिलेत तर तेवढे नग सोडा" हेही चालत नाही, ऑर्डर एकच असेल तर ४ लाख येईपर्यंत २८० च्या २८० ठेवा.

पण ते ८० हजार यात घालू नका. हा हक्क फक्त या मालाच्या किंमतीपुरता आहे, जुन्या बाकीसाठी नाही, आणि गोडाऊनचं भाडं लावून "तेही द्या मग सोडतो" असंही म्हणता येत नाही. लोक नेमकं इथेच फसतात, पार्टी ४ लाख घेऊन दारात उभी राहते आणि हे म्हणतात आधी जुनं क्लियर करा, तिथून पुढे चूक आपली होते. जुन्यासाठी दावा वेगळा.

आणखी एक, क्रेडिट चालू असताना हा लिएन नसतो, अपवाद एकच, पार्टीच बुडाली तर.

"मी निफाडचा. कोलकात्याच्या व्यापाऱ्याला १० टन द्राक्षं पाठवली, ६० रुपये किलो. १ लाख ॲडव्हान्स आला, बाकी माल पोचल्यावर आठ दिवसांत. गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्या व्यापाऱ्याने पिंपळगावच्या दोघांचे चेक बाउन्स केलेत, फोन उचलत नाही, पेढीला कुलूप आहे. गाडी आत्ता नागपूरजवळ आहे. काय करू?"

आधी ट्रान्सपोर्टला फोन करा, हे नंतर वाचा.

गाडी निघाली तेव्हा तुमचा लिएन संपला, कारण माल ट्रान्सपोर्टच्या ताब्यात गेला. पण कलम ५० तिथूनच सुरू होतं. खरेदीदार इन्सॉल्व्हंट झाला असेल आणि माल अजून वाटेत असेल तर तो थांबवून परत ताब्यात घेता येतो. इथे इन्सॉल्व्हंट म्हणजे कोर्टाने दिवाळखोर ठरवलेलाच पाहिजे असं अजिबात नाही, धंद्यातली देणी नेहमीसारखी देणं ज्याने बंद केलंय किंवा ज्याला ती देताच येत नाहीत तो. दोघांचे चेक बाउन्स, पेढीला कुलूप, फोन बंद, हे सगळं मिळून माझ्या मते पुरेसं आहे. आणि आठ दिवसांची मुदत अजून उलटली नाही म्हणून थांबायचं कारण नाही, या हक्काला क्रेडिट आडवं येत नाही. मात्र नुसतं "पेमेंट लेट करेल असं वाटतं" म्हणून गाडी थांबवली तर करार तुम्ही मोडलात असं होईल आणि नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात पडेल. म्हणून त्या दोघांकडून बाउन्स मेमोचे फोटो आजच मागवून ठेवा.

नोटीस साधी असते: गाडी नंबर, बिल्टी नंबर, कोणाकडे चाललीय, आणि "आम्हाला मालाचे पैसे मिळालेले नाहीत, खरेदीदार देणी देऊ शकत नाही, माल त्याला देऊ नका, आमच्या सांगण्याप्रमाणे परत द्या". ही ड्रायव्हरला देता येते किंवा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला, पण ऑफिसला दिली तर त्यांना ड्रायव्हरपर्यंत निरोप पोचवायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर त्या नोटिशीचा उपयोग नाही. त्यामुळे दोघांनाही व्हॉट्सॲप, मेल, आणि वर फोन. माल फिरवायचा खर्च आधी तुम्हालाच द्यावा लागेल, त्यावर ट्रान्सपोर्टशी भांडत बसू नका.

बिल्टी कुठे आहे तेही बघा. खरेदीदाराने बिल्टी पुढे कोणा तिसऱ्याला दिली असेल आणि त्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून ती घेतली असेल तर त्याच्याविरुद्ध तुमचा हक्क चालत नाही. पुढच्या वेळी नवीन पार्टी असेल तर बिल्टी 'सेल्फ' करून घ्या आणि पैसे आल्यावरच हातात द्या, मग हा सगळा धावपळीचा प्रसंगच येत नाही.

आता द्राक्षं. नाशवंत मालाला फेरविक्रीची नोटीस लागत नाही (कलम ५४), तरीही "आज संध्याकाळपर्यंत पैसे टाका नाहीतर माल विकतोय" असा एक मेसेज त्याला टाका, पुरावा म्हणून. समजा नागपुरात ४५ रुपयांनी गेली, म्हणजे साडेचार लाख आले. ठरलेले ६ लाख, ॲडव्हान्स १ लाख धरून तुमच्याकडे साडेपाच जमा, तर तूट ५० हजार, अधिक माल उतरवणं, परत विकणं याचा वाजवी खर्च, तेवढं त्याच्याकडे मागा. ॲडव्हान्स हिशोबात धरायचाच, तो वेगळा खिशात घालून वर दीड लाखाचा दावा लावू नका. आणि नागपुरात त्या दिवशीचा भाव काय होता याची पट्टी जपून ठेवा, नाहीतर समोरचा म्हणेल ओळखीत स्वस्तात दिली.

"सिन्नरला माझा स्टीलचा ट्रेडिंग धंदा आहे. पार्टीने पैसे दिले नाहीत, माल उचलला नाही, दोन महिने वाट बघून मी तोच माल दुसऱ्याला ४० हजार जास्तीत विकला. आता पहिला म्हणतो ते ४० हजार माझे. असं कसं?"

दुर्दैवाने असंच आहे, जर तुम्ही नोटीस दिली नसेल तर. कलम ५४ चं गणित असं: आधी नोटीस देऊन विकलं तर तोटा त्याच्याकडून घ्यायचा आणि नफा झाला तर तो तुमचा, नोटीस न देता विकलं तर तोटा मागता येत नाही आणि नफा त्याचा. दुसऱ्या खरेदीदाराला काळजी नाही, त्याची मालकी पक्की आहे.

नोटिशीत किती दिवस द्यायचे ते कायद्यात लिहिलेलं नाही, "वाजवी वेळ" एवढंच. स्टीलला मी साधारण सात ते दहा दिवस सांगतो, भाव रोज हलत असतील तर कमी, आणि मुदत संपली की लगेच विका, महिनाभर लोळत ठेवून भाव पडल्यावर विकलं तर त्या तोट्यावर वाद होतो. ऑर्डरच्या अटींमधेच "पैसे न आल्यास फेरविक्रीचा हक्क राखून" असं आधी लिहून घेतलं असतं तर तुमची बाजू कितीतरी मजबूत राहिली असती.

"गाडी पार्टीच्या दारात गेली, त्याने माल घ्यायलाच नकार दिला, मीही चिडून म्हणालो मला परत नको. गाडी तिथेच ट्रान्सपोर्टच्या यार्डात उभी आहे. आता कळतंय की तो बुडालाय. माझा हक्क गेला का?"

नाही. त्याने माल नाकारला आणि तो ट्रान्सपोर्टच्याच ताब्यात आहे तोवर कायद्याने माल 'वाटेतच' आहे, तुम्ही परत घ्यायला नाही म्हणालात तरीसुद्धा (कलम ५१). पण ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला "तुमचा माल तुमच्या वतीने आमच्याकडे ठेवलाय" असं कळवून टाकलं की वाट संपली, मग फक्त पैशाचा दावा उरतो. त्यामुळे नोटीस आज यार्डात पोचू द्या.